परिचय आधी की दिवा आधी?

'सूत्रसंचालन नमुना' असे मोबाइलवर शोधले की पीडीएफचा ढीग समोर येतो. महाविद्यालयाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर याच फायली वर्षानुवर्षे फिरतात आणि अप्पा बळवंत चौकातल्या दुकानांत त्यांची छापील भावंडे मिळतात. त्यांची रचना जवळपास ठरलेली असते. दीपप्रज्वलनासाठी दहा चारोळ्या, स्वागतासाठी दहा, पाहुण्यांसाठी पंधरा, आभारासाठी पाच. मध्ये मध्ये रिकाम्या जागा, त्यात नावे भरायची. उद्घाटनाच्या आदल्या रात्री 'तू छान बोलतेस, तूच कर' असे सांगून ज्या मुलीच्या हातात माइक दिला जातो, तिला ही फाइल मोठा आधार वाटते.

या संहितांकडे मजकूर म्हणून नीट पाहायला हवे, कारण पुण्यात रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या सभागृहात हाच मजकूर मोठ्याने वाचला जात असतो. त्यातल्या चारोळ्या वाईट असतात, हा आक्षेप खरा आहे, पण वरवरचा आहे. चांगल्या कवितांच्या ओळी घातल्या तरी ती संहिता तशीच फसेल. कोणाची ओळख कधी करून द्यायची, या एकाच प्रश्नाचे उत्तर तिच्यात नसते, आणि उद्घाटनाच्या कार्यक्रमात सूत्रसंचालकाचे निम्मे काम तेच असते.

दोन क्रम, उलट्या दिशेचे

मराठी समारंभात एकाच वेळी दोन क्रम चालू असतात. पहिला मानाचा. मंचावर बोलावताना, खुर्च्या मांडताना, शाल-श्रीफळ देताना हा क्रम वरून खाली येतो. अध्यक्ष आधी, मग उद्घाटक, मग प्रमुख पाहुणे, मग बाकीचे. दुसरा बोलण्याचा. तो खालून वर जातो. प्रास्ताविक करणारा सर्वांत आधी बोलतो आणि अध्यक्ष सर्वांत शेवटी.

बोलण्याचा क्रम असा का, हे सभेच्या जुन्या पद्धतीत सापडते. अध्यक्ष म्हणजे सभेचा सर्वांत मोठा पाहुणा नव्हे. सभा चालवण्याचा अधिकार सभेने ज्याच्याकडे दिला, तो अध्यक्ष. पूर्वी एक जण अध्यक्षपदासाठी नाव सुचवायचा, दुसरा अनुमोदन द्यायचा आणि मगच ती व्यक्ती खुर्चीवर बसायची. सभेत जे बोलले गेले त्याचा समारोप करणे हे तिचे काम, म्हणून तिचे भाषण शेवटी. सूचना आणि अनुमोदन आता बहुतेक ठिकाणी गळून पडले आहे, पण 'अध्यक्षस्थान स्वीकारावे' हा शब्दप्रयोग आणि शेवटचे भाषण या दोन खुणा उरल्या आहेत.

पुणेकर श्रोत्याला हा क्रम अंगवळणी पडलेला आहे. सवाई गंधर्व महोत्सवात आधी तरुण कलाकार गातात आणि बुजुर्ग नंतर. भीमसेन जोशी अनेक वर्षे शेवटच्या सत्रात गात असत, पुढे प्रभा अत्रे यांच्या गायनाने महोत्सवाची सांगता होऊ लागली. मोठा शेवटी येणार हे श्रोता गृहीत धरून बसतो. त्याच मंचावर सत्कार असेल तर मात्र मोठ्याचे नाव आधी घेतले जाते आणि तेही कुणाला खटकत नाही. दोन्ही क्रम आपापल्या जागी बरोबर आहेत.

आता प्रश्न असा, की परिचय कोणत्या क्रमात बसतो? नमुना-संहिता तो मानाच्या क्रमात बसवतात. स्वागत झाले की लगेच मंचावरच्या पाचही जणांचे परिचय एकापाठोपाठ वाचले जातात. अध्यक्षांचा सर्वांत आधी, म्हणजे ते बोलायला उभे राहीपर्यंत तासभर उलटलेला असतो आणि त्यांनी काय काय केले ते कोणाच्या लक्षात नसते. मग सूत्रसंचालकाला पुन्हा आठवण करून द्यावी लागते. एकाच माणसाची पदवी, पुरस्कार आणि पुस्तके सभागृह दोनदा ऐकते आणि दोन्ही वेळा मोबाइलकडे वळते.

परिचय ही मान देण्याची गोष्ट नाही. पुढे जे भाषण येणार आहे ते श्रोत्याने कोणत्या कानाने ऐकावे, याची ती तयारी आहे. म्हणून तो बोलण्याच्या क्रमात बसतो, ज्याचे भाषण त्याच्या लगेच आधी. ज्याचे भाषण नाही, त्याचा परिचयही नाही. त्याला नाव आणि नाते पुरते.

नाव, ओळख, परिचय

इथे एक खरी अडचण येते. दीपप्रज्वलन सुरुवातीलाच असते. परिचय भाषणाआधी ठेवला, तर दिवा लावणारी माणसे कोण आहेत हे सभागृहाला कळायचे कसे? याचे उत्तर असे, की एकाच माणसाविषयीची माहिती तीन हप्त्यांत द्यायची आणि प्रत्येक हप्त्यात नवे काहीतरी सांगायचे.

पहिला हप्ता म्हणजे नाव. मंचावर बोलावताना फक्त नाव आणि आजच्या कार्यक्रमातली भूमिका. 'आजच्या उद्घाटक, कादंबरीकार अमुक.' बस. दुसरा हप्ता म्हणजे ओळख. सत्काराच्या वेळी एकच वाक्य, आणि ते या संस्थेशी किंवा या कार्यक्रमाशी जोडणारे. तिसरा म्हणजे परिचय. भाषणाच्या आधी, दीड-दोन मिनिटांचा.

सोपी कसोटी अशी. संहिता लिहून झाली की एका पाहुण्याबद्दलची सगळी वाक्ये वेगळ्या कागदावर उतरवून काढा. एखादा तपशील दोनदा आला असेल, तर त्यातला पहिला काढून टाका. पहिला अशासाठी, की तो जिथे उपयोगी पडणार आहे ती जागा जवळपास नेहमी नंतरची असते.

एक उदाहरण, मिनिटांसह

समजा, कोथरूडमधल्या एका महाविद्यालयात मराठी वाङ्मय मंडळाचे उद्घाटन आहे. वेळ अकरा ते साडेबारा, म्हणजे नव्वद मिनिटे. मंचावर पाच जण. अध्यक्ष म्हणून प्राचार्य, उद्घाटक म्हणून एक कादंबरीकार बाई, प्रमुख पाहुणे म्हणून संस्थेचे सचिव, प्रास्ताविकाला विभागप्रमुख आणि एक विद्यार्थी प्रतिनिधी. उद्घाटन म्हणून भित्तिपत्रकाचे अनावरण होणार आहे.

आधी भाषणांचा वेळ बाजूला काढायचा. उद्घाटकांना पस्तीस मिनिटे, अध्यक्षांना दहा, सचिवांना आठ, प्रास्ताविकाला सहा. झाली एकोणसाठ. उरली एकतीस मिनिटे, आणि सूत्रसंचालकाचे राज्य तेवढ्यावरच आहे. मंचावर बोलावणे तीन, दीपप्रज्वलन चार, स्वागतगीत चार, सत्कार तीन, सगळे परिचय मिळून साडेतीन, अनावरण चार, आभार तीन, राष्ट्रगीताला एक. बेरीज साडेपंचवीस. हातात साडेपाच मिनिटे शिल्लक राहतात. ती चारोळ्यांनी भरायची नसतात. काडी न पेटणे, माइक न चालणे आणि पाहुणे जिन्यात भेटलेल्या जुन्या विद्यार्थ्याशी बोलत थांबणे, यांच्यासाठी ती राखून ठेवायची.

सत्काराला तीनच मिनिटे पुरतात, कारण सत्कार दोघांचेच आहेत. प्राचार्य इथले यजमान आहेत. ते अध्यक्ष असले तरी त्यांच्याच महाविद्यालयात त्यांच्याच विभागाने त्यांना शाल द्यायची गरज नाही. उलट उद्घाटकांचा सत्कार त्यांच्याच हातून व्हावा. मंचावर दहा जण असते आणि प्रत्येकाला एक मिनिट धरले असते, तर बोलण्याच्या वेळेतली दहा मिनिटे त्यातच गेली असती. कार्यक्रम लांबण्याचे कारण बहुतेक वेळा भाषणांत सापडत नाही, ते इथे सापडते.

आता क्रम. मंचावर नावे घेऊन बोलावणे, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, दोघांचे सत्कार. मग सचिवांविषयी एक मिनिट आणि त्यांचे मनोगत. मग उद्घाटकांचा दोन मिनिटांचा परिचय, त्यानंतर त्यांच्या हस्ते अनावरण आणि लगेच त्यांचे भाषण. मग अध्यक्षांविषयी अर्धा मिनिट, अध्यक्षीय भाषण, आभार, राष्ट्रगीत.

यात दोन निर्णय वादाचे आहेत. पहिला, प्रमुख पाहुणे उद्घाटकांच्या आधी का? काही ठिकाणी उलटे करतात. उद्घाटन झाल्याशिवाय इतरांनी बोलू नये, असा त्यांचा युक्तिवाद असतो आणि तो चुकीचा नाही. पण इथे पस्तीस मिनिटांचे मुख्य भाषण उद्घाटकांचे आहे. त्यानंतर आठ मिनिटांचे औपचारिक मनोगत आले, तर सभागृह तोवर उठायला लागलेले असते आणि अध्यक्षांच्या वाट्याला रिकाम्या खुर्च्या येतात. दुसरा निर्णय, परिचय अनावरणाच्या आधी का? कारण पडदा सरकतो तेव्हा तो कोणाच्या हातून सरकतो आहे हे माहीत असले, तरच त्या क्षणाला अर्थ आहे. शिवाय अनावरण झाल्यावर बाई मंचाच्या कडेला उभ्याच असतात. त्यांना पुन्हा खुर्चीत बसवून, दोन मिनिटांचा परिचय ऐकवून, पुन्हा उठवायचे, ही कसरत वाचते.

दीपप्रज्वलनात सगळे पाच जण भाग घेतात. तिथे फक्त नावे असतात, म्हणून तिथे काही अडत नाही. दिवा सर्वांचा असतो, अनावरण मात्र एकाचे असते. 'परिचय आधी की दिवा आधी' या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच असे, की नाव दिव्याच्या आधी आणि परिचय भाषणाच्या आधी.

दोन मिनिटांत काय सांगायचे

सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने बोलले, तर मिनिटाला साधारण शंभर शब्द होतात. दोन मिनिटांचा परिचय म्हणजे दोनशे शब्द, हाताने लिहिलेले फुलस्केपचे पान. पाहुण्यांनी पाठवलेला बायोडेटा चार पानांचा असतो. निवड करावीच लागते, आणि परिचय लिहिणे म्हणजे ही निवडच.

नमुना-संहितेतला परिचय साधारण असा असतो: 'आपल्या बहारदार लेखणीने साहित्यविश्वात स्वतःचे आगळेवेगळे स्थान निर्माण करणाऱ्या, अनेक पुरस्कारांनी सन्मानित, चतुरस्र व्यक्तिमत्त्व.' हे वाक्य कुठल्याही लेखकाला लावता येते. मधला एक शब्द बदला, की ते नेत्रतज्ज्ञालाही लागू पडते. याच्या जागी त्या बाईंची कादंबरी गिरणगावातल्या चाळीत घडते आणि ती लिहिण्यासाठी त्या दोन वर्षे त्या चाळीत येत-जात होत्या, एवढे सांगितले, तर श्रोता पुढचे भाषण ऐकायला सरसावून बसतो. परिचयात भाषणाच्या विषयाशी जोडलेले काम आधी निवडावे, मग एखादे पुस्तक, आणि पुरस्कार घ्यायचाच तर एक. जन्मगाव, शिक्षण, वयाचे आकडे तेव्हाच, जेव्हा त्यांचा भाषणाशी संबंध असेल.

नावाचा उच्चार आणि पदनाम आदल्या दिवशी खुद्द पाहुण्यांना फोन करून विचारावे. 'माजी' हा शब्द सुटला किंवा नको तिथे लागला, तर पुढचे दोनशे शब्द वाया जातात.

परिचय फसला हे ओळखणे अवघड नाही. वक्ता उभा राहून 'माझी जरा जास्तच स्तुती झाली' अशी सुरुवात करतो. किंवा तो स्वतःच आपल्या कामाची पार्श्वभूमी सांगायला लागतो, म्हणजे परिचयात ती आलेलीच नसते. वेगळा परिचयकर्ता ठेवला असेल तर आणखी एक खूण दिसते. सूत्रसंचालकाने जे सांगून टाकले, तेच तो कागदावरून पुन्हा वाचतो. परिचय दुसरे कोणी करणार असेल, तर सूत्रसंचालकाने पाहुण्यांविषयी अवाक्षर काढू नये, फक्त परिचयकर्त्याचे नाव घ्यावे.

वाक्यात नाव कुठे

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि सूत्रसंचालनाची बरीचशी अडचण इथूनच सुरू होते. 'मी आदरणीय अमुक यांना विनंती करते की त्यांनी मंचावर यावे आणि दीपप्रज्वलन करून कार्यक्रमाचा शुभारंभ करावा.' यात नाव सुरुवातीलाच आले. पाहुणे उठले, टाळ्या पडल्या आणि उरलेले अर्धे वाक्य टाळ्यांखाली दबले. 'करावा' येईपर्यंत ते समईपाशी पोचलेलेही असतात.

नाव शेवटाकडे ढकलले की हे सुटते. 'भित्तिपत्रकाच्या अनावरणासाठी आपण निमंत्रित करत आहोत आजच्या उद्घाटक, अमुक यांना.' इथे टाळी नावावर पडते आणि नावानंतर सांगण्यासारखे काही उरलेले नसते. परिचयही असाच लिहावा. दोनशे शब्द बाई, त्या, लेखिका असे म्हणत जावे आणि शेवटचा शब्द त्यांचे नाव असावा. सगळ्यांना नाव आधीच माहीत असते, तरीही ते शेवटी आले की पोडियमकडे येणाऱ्या पावलांना टाळ्यांची सोबत मिळते. बाकी 'मा.', 'आदरणीय', 'सन्माननीय', 'श्रद्धेय' यांतले एक विशेषण पुरते. दोन लावली की तिसऱ्या पाहुण्यापर्यंत शब्द संपतात आणि त्याला आपल्याला कमी लागले असे वाटते.

जिथे दोन्ही क्रम भिडतात

या सगळ्याची सर्वांत अवघड परीक्षा साहित्य संमेलनाच्या उद्घाटनात होते. या परंपरेची सुरुवात पुण्याचीच. 11 मे 1878 रोजी हिराबागेत न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथकारांचे पहिले संमेलन भरले. आजच्या संमेलनाच्या उद्घाटनात स्वागताध्यक्ष, महामंडळाचे अध्यक्ष, मावळते संमेलनाध्यक्ष, उद्घाटक आणि नवे संमेलनाध्यक्ष, एवढी वेगवेगळ्या अधिकारांची माणसे एकाच मंचावर असतात. बोलण्याच्या क्रमाला इथे तर्क आहे. यजमान स्वागत करतो, संस्था भूमिका मांडते, मावळते अध्यक्ष सूत्रे सोपवतात, उद्घाटक उद्घाटन करतो आणि सर्वांनंतर अध्यक्षांचे भाषण, ज्यासाठी खरे तर सगळे जमलेले असतात.

उद्घाटक मोठ्या राजकीय पदावरचा असला की मानाचा क्रम बोलण्याच्या क्रमावर चढून बसू पाहतो. फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्लीला 98 वे संमेलन झाले. उद्घाटक पंतप्रधान, स्वागताध्यक्ष शरद पवार आणि अध्यक्ष तारा भवाळकर. लोकसाहित्याच्या अभ्यासक असलेल्या अध्यक्षा आणि देशाचे पंतप्रधान एकाच मंचावर असताना केंद्रस्थानी कोण, हा प्रश्न नुसत्या शिष्टाचाराचा उरत नाही. भारत सरकारची अग्रक्रमाची सारणी आहे. तिच्यात राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान असा क्रम लागतो. पण ती सारणी राजकीय आणि औपचारिक शासकीय समारंभांसाठी आहे. साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाला तिच्यात क्रमांक नाही, कारण ते पद शासनाने दिलेले नाही. अशा ठिकाणी मिनिटामिनिटाचा कार्यक्रम वरून ठरून येतो आणि सूत्रसंचालकाला क्रम हलवता येत नाही. त्याच्या हातात उरतो तो शब्द. 'आजचे प्रमुख आकर्षण' म्हणायचे की 'संमेलनाचे उद्घाटक', 'अध्यक्षाही उपस्थित आहेत' म्हणायचे की 'ज्यांच्या अध्यक्षतेखाली हे संमेलन होत आहे', एवढी निवड त्याला करता येते, आणि ती लहान नाही.

क्रम मोडतो तेव्हा

महाविद्यालयात पंतप्रधान येत नाहीत, पण सचिव वीस मिनिटे उशिरा येतात किंवा आल्या आल्या 'मला लगेच निघायचे आहे' म्हणतात. म्हणून संहिता सलग पानांवर लिहू नये. एका घटकाला एक कार्ड करावे आणि कार्डांवर क्रमांक पेन्सिलीने घालावेत. मग काय हलते आणि काय हलत नाही हे दिसू लागते. स्वागतगीत, सत्कार, सचिवांचे मनोगत ही कार्डे हलतात. प्रास्ताविक मुख्य भाषणाच्या आधीच हवे, उद्घाटकांचा परिचय त्यांच्या भाषणाला चिकटूनच हवा आणि अध्यक्ष शेवटीच हवेत, ही कार्डे हलत नाहीत. एखादे कार्ड हलवताना त्याच्याबरोबर त्याचा परिचयही हलतो. परिचयांचा वेगळा गठ्ठा केलेल्या संहितेत हे जमत नाही, कारण निघून गेलेल्या पाहुण्यांचा परिचय गठ्ठ्यात तसाच राहतो आणि घाईत वाचला जातो.

अध्यक्षांनाच लवकर निघायचे असेल, तर मात्र उपाय कार्डांत नाही. ते मध्येच बोलून गेले की खुर्ची रिकामी दिसते आणि पुढचे सगळे अध्यक्षाविना चालते. तेव्हा विभागप्रमुखांना उरलेल्या सभेचे अध्यक्षपद घ्यायला सांगावे आणि तसे माइकवरून जाहीर करावे. सूचना-अनुमोदनाची जुनी रीत अशा वेळी दोन वाक्यांत पुन्हा कामाला येते.

आनंद देशमुख, सुधीर गाडगीळ यांच्यासारख्यांनी पुण्याच्या श्रोत्याला निवेदन कान देऊन ऐकायची सवय लावली. त्यांचे अनुकरण करणारे आवाज आणि किस्से उचलतात, नमुना-संहिता चारोळ्या उचलतात. आपल्या हातात पुढच्या वेळी अशी फाइल आली, तर चारोळ्या नंतर वाचा. आधी तिच्यातले परिचय कापून वेगळे करा आणि प्रत्येक परिचय ज्याच्या-त्याच्या भाषणाच्या डोक्यावर नेऊन ठेवा. जो परिचय कुठेच चिकटत नाही, तो गाळा.